पाणी किती?

शुक्रवार संध्याकाळ, आयर्विन पूल. फोटो हललाय, पण पावसात एका हाताने छत्री आणि एका हाताने मोबाईल धरून याहून बरा येत नाही.

आठवडा वाईट गेला. जुलैचा शेवट म्हणजे आमच्याकडे रिटर्नचा हंगाम. वर्षभर गायब असलेले लोक पिशवीभर कागद टेबलावर ओततात आणि वर विचारतात, "मॅडम, आज होईल ना?" त्यात ऑफिसातली एक जण आजारी, तिच्या फायलीही माझ्याच माथी. काल रात्री झोपेतसुद्धा बेरजा चालू होत्या.

आज सुटल्यावर घरी जायचं जिवावर आलं. गाडी गणपती मंदिराजवळ लावली आणि सरळ चालत सुटले. पाऊस कसला, नुसती भुरभुर. छत्री उघडली तर ओझं, मिटली तर चष्मा भिजतो.

पुलावर नेहमीची मंडळी होतीच. सांगलीत पावसाळ्यात कृष्णा बघायला कोणी निवांत येत नाही, पाणी मोजायला येतं. 40 फूट इशारा, 45 धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं, तेव्हापासून कठड्याला टेकलेला प्रत्येक माणूस पाटबंधारे खात्यातला इंजिनियर झालाय. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, सगळं तोंडावर. मला हे आवडतं, खरं सांगायचं तर. भीतीच आहे ती, पण चारचौघांत वाटून घेतलेली.

आज पाणी एकोणीस फूट. पात्रातच. तांबडं, गढूळ, कडेकडेने केंदाळाचे पुंजके वाहत चाललेले. बाभळीची एक फांदी खांबाला अडकली होती, गोल फिरायची, सुटायची आणि परत तिथेच यायची. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत बसले. शेजारचे काका म्हणाले, "काय पडलं का खाली?" म्हटलं, नाही हो, असंच.

आठवडाभर हजार आकडे बघितले, त्यातला एकही माझा नव्हता. हा एकोणीस मात्र ऐकून खांदे जरा खाली आले. घर तळमजल्यावर असलं की असं होतं.

तेवढ्यात तासगावहून आईचा फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. पहिला प्रश्न, "पाणी किती?"

"एकोणीस."

"मग ठीक. आवाज का असा येतोय तुझा?"

तिला थोडं सांगितलं, थोडं गाळलं. मग म्हणाली, उद्या शनिवार आहे, मोबाईल बंद करून झोप. उद्याही ऑफिस आहे हे काही तिला सांगितलं नाही.

येताना भडंग घेतलं. कांदा जास्त, लिंबू जास्त. अर्धं गाडीपाशी पोहोचेपर्यंत संपलं, उरलेलं मऊ पडलं तरी खाल्लं.

#सांगली #कृष्णाकाठ #आयर्विनपूल #पाऊस