पाठ टाचण : पेल्याच्या कडा आणि लंबवर्तुळ

इयत्ता सातवी, चित्रकला. जोडतासिका, एकूण 80 मिनिटे. विद्यार्थी 32.

कौशल्य-उद्दिष्ट : डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या सरळ उभ्या पेल्याची वरची, मधली आणि खालची कडा विद्यार्थी समोर पाहून लंबवर्तुळाच्या आकारात काढतील आणि वरून खाली येताना ती लंबवर्तुळे क्रमाने अधिक उघडी होत जातात हे रेखाटनात दाखवतील. या पाठात एवढेच शिकवायचे आहे. छायाप्रकाश, पार्श्वभूमी, रंग आणि कागदावरील मांडणी यांपैकी काहीही आज शिकवायचे नाही आणि तपासायचेही नाही.

हे उद्दिष्ट निवडण्याचे कारण मागच्या वस्तुचित्रात आहे. त्या वेळी ‘पेला आणि वाटी यांचे चित्र पूर्ण करा’ एवढीच सूचना मी दिली होती आणि बहुतेकांनी मन लावून छटा भरल्या. परंतु जवळजवळ प्रत्येक चित्रात पेल्याची वरची कडा दोन्ही टोकांना लिंबासारखी टोकदार होती आणि तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. टेबल सपाट आहे हे मुलांना ठाऊक असते, म्हणून डोळ्यांना वक्र दिसणारा तळही हात सरळ काढतो. सुबक छटांमुळे ही चूक झाकली गेली आणि मीही त्या चित्रांना चांगले गुण दिले.

साहित्य : आठ पारदर्शक, सरळ भिंतींचे पेले, म्हणजे चार विद्यार्थ्यांच्या गटाला एक. तळाशी निमुळता होणारा पेला घेऊ नये, कारण रुंदीही बदलली की लंबवर्तुळांची तुलना अवघड होते. मधली कडा दिसावी म्हणून पेल्याच्या मध्यावर रंगीत रबरबँड आडवा बसवावा. पाणी भरू नये. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातून तळ सरकल्यासारखा दिसतो आणि मुलांचा गोंधळ होतो. प्रत्येकाला दोन कोरे कागद आणि एक एचबी पेन्सिल द्यावी. खोडरबर सुरुवातीला पिशवीतच राहील.

निरीक्षण (15 मिनिटे) : प्रत्येक विद्यार्थी पुठ्ठ्याची गोल चकती आडवी धरून डोळ्यांसमोर आणेल आणि हळूहळू खाली नेईल. चकती डोळ्यांच्या पातळीवर असताना नुसती रेषा दिसते, खाली जाताना ती उघडत जाते आणि थेट वरून पाहिल्यास पूर्ण वर्तुळ दिसते. नियम मी सांगणार नाही. ‘चकती बदलली का? मग काय बदलले?’ हे दोनच प्रश्न विचारेन आणि उत्तर मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहीन.

हाताचा सराव (15 मिनिटे) : पहिल्या कागदावर मनगट न टेकवता, खांद्यापासून हात फिरवून लंबवर्तुळे काढायची. कागदाला टेकण्यापूर्वी पेन्सिल दोन-तीनदा हवेत फिरवावी. ज्यांची टोके अणकुचीदार होतील, त्यांना वळणावर पेन्सिल न थांबवता फिरत ठेवण्यास सांगावे. लंबवर्तुळाचा लांब अक्ष पेल्याच्या उभ्या मध्यरेषेला काटकोनात असतो, हे मी फळ्यावर एकदाच दाखवेन.

मुख्य कृती (35 मिनिटे) : दुसऱ्या कागदाच्या घड्या घालून सहा चौकटी करायच्या आणि प्रत्येकीत तोच पेला नव्याने काढायचा. तीन वेळा बसून, तीन वेळा उभे राहून. आधी मध्यरेषा, मग तिच्यावर तिन्ही लंबवर्तुळे, शेवटी बाजूच्या दोन रेषा. काच पारदर्शक असल्याने मागची कडाही पूर्ण काढावी. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने लंबवर्तुळाची उंची मोजावी आणि ती रुंदीत किती वेळा मावते ते पाहावे. चौथ्या चौकटीपासून खोडरबराची मुभा आहे.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. उंच मुलाला आणि शेजारच्या ठेंगण्या मुलाला एकच पेला वेगळा दिसतो. त्यामुळे दोघांची लंबवर्तुळे वेगळी असूनही बरोबर असू शकतात. तपासताना मी विद्यार्थ्याच्या मागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पेला पाहीन. वरून उभ्याने पाहून दुरुस्ती सुचवणार नाही.

मूल्यमापन (15 मिनिटे) : विद्यार्थी स्वतःची पहिली आणि सहावी चौकट शेजारी पाहून दोन वाक्ये लिहितील : काय बदलले आणि अजून काय जमत नाही. मी तीन गोष्टी पाहीन : टोके गोलाकार आहेत का, तळाचे लंबवर्तुळ वरच्यापेक्षा अधिक उघडे आहे का आणि तिन्ही एकाच मध्यरेषेवर आहेत का. यांतील दोन साधल्यास उद्दिष्ट गाठले असे समजावे. मळलेला कागद किंवा पुन्हापुन्हा ओढलेल्या रेषा यांचे गुण कापू नयेत. ज्यांचा तळ अजूनही सरळ येत असेल, त्यांच्यासाठी पुढच्या तासिकेच्या आरंभी चकतीचे निरीक्षण पुन्हा घ्यावे. इतरांनी तेच कौशल्य वाटीवर लावून पाहावे.