सिंहगडामागचं आकाश: टाइमलॅप्स प्रॉम्प्ट

डिसेंबरमधली अमावास्येची रात्र. कॅमेरा सिंहगडाच्या दक्षिण पायथ्याशी ट्रायपॉडवर, तोंड उत्तरेला, वाइड लेन्स, १६:९. दोन तासांचं आकाश १२ सेकंदांत. कॅमेरा जराही हलू नये. झूम नको, पॅन नको.

फ्रेमचा खालचा चौथा भाग म्हणजे गडाची काळीशार आकृती: सपाट माथा, तुटलेला कडा, टीव्हीच्या मनोऱ्याची बारीक रेघ. डोंगरावर तपशील अजिबात दिसू नये. उजवीकडे कड्यामागून पुण्याच्या दिव्यांचा मंद नारिंगी उजेड. तो वर चढता चढता गडद निळ्यात विरावा.

ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे माथ्याच्या थोडा वर, जवळपास स्थिर. बाकीचे तारे त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. सुरुवातीला नुसते ठिपके, मग रेषा वाढत शेवटी ३० अंशांचे कंस. पूर्ण वर्तुळं नकोत, दोन तासांत ती होत नाहीत. रेषा केसासारख्या बारीक, काही निळसर, काही तांबूस.

विरळ ढग डावीकडून उजवीकडे, अगदी संथ. ढग आला की त्यामागची रेषा फिकी पडावी, पुसली जाऊ नये.

जांभळी छटा, उल्का, आकाशगंगा, माणसं, मजकूर नको.