विषय: 18 जूनची सुनावणी पुढे ढकलण्याबाबत आणि नोटीसमध्ये आधार घेतलेली कागदपत्रं बघायला मिळण्याबाबत

दिनांक 10 जून 2026

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी साहेब,

नमस्कार साहेब,

2 जून 2026 ची कारणे दाखवा नोटीस, म्हणजे डीआरसी-01, मला त्याच दिवशी संध्याकाळी पोर्टलवर दिसली. 2021-22 या वर्षासाठी कलम 74 खाली आहे, नोटीस नंबर आणि आमचा जीएसटीआयएन या ईमेलबरोबर जोडलेल्या कॉपीवर आहेच. एका सप्लायरकडून घेतलेल्या लोखंडी अँगल आणि चॅनेलच्या 11 बिलांवर, एकूण 38,00,000 रुपयांच्या खरेदीवर, मी 6,84,000 रुपयांचं इनपुट क्रेडिट घेतलं ते चुकीचं आहे, माल आलाच नाही, नुसती बिलं आली, असा आरोप आहे. कर, त्यावर व्याज आणि तेवढाच दंड मागितलाय.

माल आला होता साहेब. माझ्या यार्डात उतरला, वजन झालं, आणि पुढे फॅब्रिकेशनच्या कामात वापरला गेला. पण तो मुद्दा मी उत्तरात मांडणार आहे, हा अर्ज म्हणजे नोटीसचं उत्तर नाही, प्लीज तसं धरू नये. आज फक्त दोन गोष्टी मागतोय, कागद बघायला द्या आणि तोपर्यंत सुनावणी पुढे घ्या.

पोर्टलवर जी पीडीएफ आहे ती 6 पानांची. तिच्यात जागोजागी "सोबतचे परिशिष्ट पाहावे" असं लिहिलंय पण परिशिष्ट एकही अपलोड झालेलं नाही. आणि सगळी नोटीस उभी आहे ती त्या परिशिष्टांवरच. अन्वेषण शाखेचा रिपोर्ट आहे म्हणतात, सप्लायरच्या मालकाचा जबाब आहे म्हणतात, त्याच्या पत्त्यावर जाऊन केलेला पंचनामा आहे, ई-वे बिलाचा आणि टोलनाक्यांचा डेटा आहे, आणि त्याचं रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द केल्याची ऑर्डर आहे. यातलं एकही मी पाहिलेलं नाही. जबाबातलं एक वाक्य नोटीसमध्ये दिलंय की "मी प्रत्यक्ष माल पुरवत नव्हतो", पण ते माझ्या फर्मबद्दल बोललाय की दुसऱ्या कोणाबद्दल, कुठल्या वर्षाबद्दल, प्रश्न काय विचारला होता, हे पुढचं मागचं वाचल्याशिवाय कसं कळणार? टोलच्या डेटाचंही तेच. तीन गाड्या टोलवर दिसल्या नाहीत म्हणे, पण कुठल्या गाड्या, कुठला टोल, कुठली तारीख, काहीच दिलेलं नाही. सप्लायरचं गोडाऊन आणि माझं यार्ड यांच्यामधल्या रस्त्यावर टोल लागतो का, एवढं तरी तपासायला नंबर पाहिजेत ना. आणि हा डेटा कॉम्प्युटरची प्रिंट असेल तर कलम 145 प्रमाणे त्याच्यासोबत लागणारं सर्टिफिकेटही दाखवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्चमध्ये आमच्या जागेची झडती झाली तेव्हा त्या वर्षाची खरेदीची फाइल, आवक रजिस्टर आणि वजनकाट्याच्या पावत्या पंचनामा करून ताब्यात घेतल्या गेल्या, आणि त्या अजून आपल्याच ऑफिसमध्ये आहेत. कलम 155 म्हणतं की क्रेडिट बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी माझी. मान्य आहे, मी सिद्ध करायला तयार आहे. पण ज्या पावत्यांनी ते सिद्ध होतं, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, सगळं ज्यावर आहे, त्याच पावत्या आपल्या कपाटात आणि उत्तर द्यायचं मी आठवणीवर, हे बरोबर नाही साहेब. पाच वर्षांपूर्वीच्या 11 गाड्या कोणालाच तोंडपाठ नसतात. कलम 67(5) मध्ये ज्याच्याकडून कागद घेतले त्याला अधिकाऱ्यासमोर कॉपी काढून घेता येते असं स्पष्ट आहे. आणि यातले जे कागद नोटीससाठी वापरलेलेच नाहीत ते 67(3) प्रमाणे नोटीसपासून 30 दिवसांच्या आत परत मिळायला हवेत, तेही सोबतच करून टाकावं ही विनंती.

अजून एक, ते थोडं विचित्रच झालंय. नोटीसचं उत्तर द्यायची मुदत 2 जुलै आहे आणि सुनावणी ठेवलीय 18 जूनला सकाळी 11.30 वाजता, म्हणजे उत्तर यायच्या आधीच सुनावणी. मग त्या दिवशी ऐकायचं काय? कलम 74(8) मध्ये नोटीसपासून 30 दिवसांत कर, व्याज आणि 25 टक्के दंड भरून प्रकरण संपवायची सोय आहे, तो निर्णयसुद्धा मी कागद न बघता कसा घेऊ, आणि ते दिवस तर चाललेच आहेत.

सुप्रीम कोर्टाने टी. टाकानो विरुद्ध सेबी या 2022 च्या निकालात सांगितलंय की ज्या तपास रिपोर्टचा आधार कारवाईसाठी घेतला जातो तो नोटीस मिळालेल्या माणसाला द्यायला पाहिजे, त्यात तिसऱ्या कोणाची खासगी माहिती असेल तर तेवढी झाकता येते. माझी काही हरकत नाही, दुसऱ्या व्यापाऱ्यांचे आकडे झाका, माझ्याशी संबंध असलेला भाग द्या. सप्लायरच्या जबाबावर भर असेल तर त्याची उलटतपासणी मागायचा माझा हक्क मी राखून ठेवतो, अंदमान टिंबर या 2015 च्या निकालात त्याचं महत्त्व सांगितलेलंच आहे. पण आधी जबाब वाचू द्या, मग ठरवतो.

कलम 75(5) प्रमाणे पुरेसं कारण असलं की आपण सुनावणी पुढे देऊ शकता, जास्तीत जास्त तीनदा. ही माझी पहिलीच मागणी आहे आणि टाइमपास म्हणून अजिबात नाही. या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायची शेवटची तारीख 31 डिसेंबर 2022 होती, म्हणजे कलम 74 खाली ऑर्डर काढायला 31 डिसेंबर 2027 पर्यंत वेळ आहे, त्यामुळे महिनाभर पुढे गेल्याने डिपार्टमेंटचं काहीच नुकसान होत नाही.

तर 15 ते 24 जूनमधला कुठलाही कामाचा दिवस आणि वेळ द्या, मी आणि माझे सीए येऊ, अधिकारपत्र सोबत आणू. झेरॉक्सचा खर्च मी भरतो, स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये दिलं तरी चालेल. काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही याची एक छोटी नोंद दोघांच्या सहीने व्हावी, नंतर वाद नको. कागद हातात आल्यापासून 21 दिवस उत्तराला द्यावेत आणि सुनावणी त्यानंतरची ठेवावी.

ही विनंती मान्य नसेल तर कारणासह लेखी कळवावं, 18 जूनच्या आधी. काहीच कळलं नाही तर मी त्या दिवशी 11.30 ला हजर राहीन आणि हेच रेकॉर्डवर घ्यायला सांगेन, गैरहजर म्हणून एकतर्फी ऑर्डर होऊ नये एवढ्यासाठी. या अर्जाची सही केलेली प्रत उद्या आवक विभागात देतोय, तिची पोच मिळावी.

आपला,
नोटीस मिळालेल्या फर्मचा प्रोप्रायटर

सोबत: नोटीसची 6 पानं, मार्चमधल्या पंचनाम्याची आणि ताब्यात घेतलेल्या कागदांच्या यादीची कॉपी