विषय : तीन मिल रोलरच्या रिशेलिंग कामाची सद्यःस्थिती छायाचित्रांसह कळविण्याबाबत

दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. उत्पादन व्यवस्थापक,
फाउंड्री व मशीन शॉप विभाग,
कुपवाड एमआयडीसी, जि. सांगली.

संदर्भ : आमची दि. १२ जून २०२५ ची खरेदी ऑर्डर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

वरील ऑर्डरप्रमाणे पहिल्या मिलचे तिन्ही रोलर २५ सप्टेंबरपर्यंत कारखान्यावर पोहोचायचे आहेत. २५ ऑगस्टला फोनवर आपण दोन शेल ओतून झाल्याचे आणि तिसरे गणेशोत्सवानंतर ओतणार असल्याचे सांगितले होते. त्यानंतर आपल्याकडून एकच छायाचित्र आले. त्यात शेल ताडपत्रीने अर्धे झाकलेले असून शाफ्टवरचा नंबर दिसत नाही, त्यामुळे तो रोलर आमचाच आहे की नाही, हेही आम्हाला ठरवता आलेले नाही.

दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, आमच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन आहे. ऊसतोड टोळ्यांना उचल देऊन झाली आहे. रोलर आल्यावर बेअरिंग बसविणे, सेटिंग आणि विनाभार चाचणी यांसाठी किमान दहा दिवस लागतात. म्हणून २५ तारीख चुकली, तर त्याचा फटका मोळी टाकण्याच्या मुहूर्ताला आणि पर्यायाने फडात उभ्या असलेल्या सभासदांच्या उसाला बसेल, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

तरी कृपया बुधवार, दि. १७ सप्टेंबर रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत प्रत्येक रोलरची स्वतंत्र माहिती द्यावी. शेल शाफ्टवर चढले आहे का, टर्निंग व ग्रूव्हिंग किती झाले आणि तिसऱ्या शेलचे ओतकाम झाले की नाही, हे स्पष्ट लिहावे. प्रत्येक रोलरच्या छायाचित्रांत शाफ्टच्या टोकावर पंच केलेला नंबर वाचता यावा, पूर्ण रोलर लेथवर किंवा जागेवर दिसावा आणि ग्रूव्हिंग सुरू असल्यास खाचांवर गेज लावलेला जवळून दिसावा. छायाचित्रे त्याच दिवशी काढलेली असावीत.

काम मागे पडले असेल, तर तेही मोकळेपणाने कळवावे. खरी तारीख आज समजली, तर आम्हाला जोडणीचा क्रम बदलता येईल. फीड आणि डिस्चार्ज हे खालचे दोन रोलर आधी बसतात व टॉप रोलर सर्वांत शेवटी, त्यामुळे तिन्ही एकदम शक्य नसल्यास खालचे दोन आधी पाठवावेत. गाडी आम्ही पाठवू. मात्र दिवस वाचविण्यासाठी तापवून चढविलेले शेल पाणी मारून किंवा वाऱ्याने घाईत थंड करू नये, ही आग्रहाची विनंती आहे. तडा गेलेले शेल हंगामाच्या मध्यात फुटले, तर होणारे नुकसान चार दिवसांच्या उशिरापेक्षा कितीतरी मोठे असते.

उशिराच्या दंडाची अट ऑर्डरमध्ये आहेच, परंतु आम्हाला दंड नको, रोलर हवे आहेत. १७ तारखेपर्यंत माहिती न मिळाल्यास १८ ला सकाळी आमचे मिल फोरमन प्रत्यक्ष पाहणीसाठी आपल्याकडे येतील. त्यांना शॉपमध्ये प्रवेश मिळेल अशी व्यवस्था कृपया करून ठेवावी.

आपला विश्वासू,
चीफ इंजिनिअर,
सहकारी साखर कारखाना,
ता. कराड, जि. सातारा