मोरेकाकांच्या निरोपाचं पत्र : साहेबांच्या इंग्रजीवरून मराठी मसुदा

ताई,

साहेबांच्या पत्राचं मराठी खाली दिलंय. शुक्रवारी कँटीनमध्ये तुम्हीच वाचणार आहात, म्हणून तीन-चार गोष्टी आधीच सांगते.

इंग्रजीत 'डिअर मिस्टर मोरे' आहे. 'प्रिय मोरे' केलं तर वरच्याने खालच्याला लिहिल्यासारखं वाटतं, आणि 'माननीय' म्हटलं की आमदारांना निवेदन दिल्यासारखं. म्हणून 'श्री. मोरे यांस' आणि खाली 'सप्रेम नमस्कार'. 'स.न.वि.वि.' मुद्दाम टाळलं.

'आपण' की 'तुम्ही' यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या मसुद्यात सगळीकडे 'आपण' घातलं होतं. वाचून पाहिलं तर लग्नपत्रिका झाली होती. साहेब काकांशी हिंदीत 'आप' म्हणून बोलतात हे खरं, पण ते 'आप' मराठीत आलं की 'तुम्ही' होतं, 'आपण' नाही.

'अबव्ह अँड बियाँड द कॉल ऑफ ड्युटी' याचं 'कर्तव्यापलीकडे जाऊन' असं सरळ मराठी होतं. पण ते ऐकलं की शौर्यपदकाचं भाषण आठवतं, आणि काकांना कसनुसं होईल. तिथे मी साधं वाक्य ठेवलंय. 'एक्सेप्शनल' हा शब्द साहेबांनी अख्ख्या पत्रात एकदाच वापरलाय. मीही 'विरळा' एकदाच वापरलाय. कृपा करून वाचताना 'अत्यंत', 'अतिशय' वगैरे पदरचं घालू नका. पत्र कमी बोलतं म्हणूनच ते साहेबांचं वाटतं.

पत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागणार, म्हणून 'केले', 'होते' असं लेखी ठेवलंय. वाचताना 'केलं', 'होतं' म्हणालात तरी चालेल.

बॉयलर, गेज ग्लास, फीड पंप हे शब्द तसेच ठेवले. 'बाष्पित्र' लिहिलं असतं तर काकांनीच विचारलं असतं, हे कुठलं मशीन आणलं.

———

लोटे परशुराम
31 मे 2024

श्री. मोरे यांस,
बॉयलर अटेंडंट, युटिलिटी विभाग

सप्रेम नमस्कार.

आज तुमची शेवटची शिफ्ट. 1993 साली तुम्ही या कारखान्यात आलात, तेव्हा इथे एकच बॉयलर होता आणि त्याच्यावर पत्र्याची शेड होती, असे तुम्हीच मला सांगितले आहे. मी फार नंतर आलो. त्यामुळे तुमच्या 31 वर्षांबद्दल लिहिण्याचा अधिकार माझ्याहून इथल्या इतरांना जास्त आहे. मी जे स्वतः पाहिले, तेवढेच लिहितो.

21 जुलै 2021 ची रात्रपाळी तुमची होती. संध्याकाळपासून पाऊस थांबला नव्हता. पहाटे वीज गेली आणि जनरेटर लगेच सुरू झाला नाही. आपला बॉयलर ब्रिकेटवर चालतो. वीज गेली की पंखे थांबतात, फीड पंप थांबतो, पण भट्टीतली आग थांबत नाही. ती आतल्या पाण्याची वाफ करतच राहते. त्या वेळी नेमके काय करायचे हे पुस्तकात लिहिलेले आहे. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, एका हेल्परला हाताशी घेऊन ते त्याच क्रमाने करणारा माणूस विरळा.

काही दिवसांनी मी त्या रात्रीचे लॉगबुक पाहिले. दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी नेहमीच्या अक्षरात लिहिलेली होती. पहाटे चारच्या रकान्यात एवढेच होते : "वीज गेली. आग बाहेर काढली. ग्लासमध्ये पाणी दिसते." या तीन वाक्यांचा अर्थ मला तेव्हा पूर्ण कळला नव्हता. गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासे झाले असते, तर जनरेटर सुरू झाल्यावर फीड पंप चालवणेही धोक्याचे होते, हे नंतर तुम्ही मला चहा पिता पिता समजावून दिलेत. बॉयलर हाऊसच्या भिंतीपलीकडे त्या रात्री माणसे काम करत होती. त्यांच्या वतीने मी तुमचे आभार मानतो.

सकाळी तुमच्या जागी येणारा सहकारी चिपळूणहून निघूच शकला नाही. शहर पाण्याखाली होते. त्याच पुरात महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या पुलाचा भागही खचला. तुमचे घरही चिपळूणलाच. फोन लागत नव्हते. घरच्यांची काहीच खबर नसताना तुम्ही जनरेटरवर बॉयलर पुन्हा पेटवलात आणि रिअॅक्टरमधला माल संपेपर्यंत वाफ दिलीत. तुम्ही जातो म्हणाला असता, तर तुम्हाला अडवायला माझ्याकडे शब्द नव्हते. तुम्ही मात्र एकदाच विचारलेत, "साहेब, फोन लागला का कोणाचा?" 38 तासांनी दुसरा माणूस आला, तेव्हा त्याला सगळी माहिती देऊन, वहीत सही करून तुम्ही निघालात. घरात किती चिखल होता हे आम्हाला तुमच्याकडून कळले नाही, तुमच्या शेजाऱ्यांकडून कळले.

त्या दोन दिवसांत कंपनीने तुमच्या घरची चौकशी आधी करायला हवी होती. ती उशिरा झाली. ही चूक माझी होती, आणि हे पत्र सर्वांसमोर वाचले जाणार आहे म्हणूनच ती इथे लिहितो आहे.

एरवीच्या दिवसांबद्दल थोडे. बॉयलर इन्स्पेक्टर वार्षिक तपासणीला येत, तेव्हा सगळा कारखाना धावपळ करत असे, तुम्ही तेवढे शांत असायचात. कारण तुमच्याकडे त्या दिवसासाठी वेगळे काही करण्यासारखे राहिलेलेच नसे. सॉफ्टनरच्या पाण्याची चाचणी तुम्ही एकदाही दुसऱ्याच्या भरवशावर सोडली नाही. तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी सहाजण परीक्षा देऊन प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट झाले. त्यातले दोघे उद्यापासून तुमची जागा घेतील. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वी दोघेही अजून तुमच्याकडे बघतात. ही सवय मोडायला त्यांना थोडे दिवस लागतील, मलाही लागतील.

तुम्ही कोणावर आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. एकदा माझ्यावर मात्र नाराज झाला होतात. उत्पादन वाढवायचे म्हणून ब्लोडाऊन पुढे ढकला, असे मी सुचवले होते. तुम्ही "नाही जमणार" एवढेच म्हणालात आणि वळून कामाला लागलात. तुमचे बरोबर होते.

सौ. मोरे वहिनींना माझा नमस्कार सांगा. रात्रपाळ्यांचा हिशेब त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त नीट असेल. पुढचा काळ तुम्हा दोघांना आरोग्याचा आणि निवांतपणाचा जावो. कारखान्यात कधीही या. गेटवर तुम्हाला नाव लिहावे लागणार नाही.

मी तुमचा ऋणी आहे.

आपला,
कारखाना प्रमुख

ता. क. : लॉगबुकच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ पान तुम्हाला द्यावे असे मनात होते. पण बॉयलरच्या वहीतले पान फाडायचे नसते, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात बजावले होते.