बँकेकडून कर्ज घेण्याबाबत संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत

शिवसह्य प्रिसिजन कॉम्पोनंट्स प्रायव्हेट लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय : एमआयडीसी, भोसरी, पुणे ४११०२६

संचालक मंडळाची सभा शुक्रवार, दि. १८ जुलै २०२५ रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात झाली. पाचपैकी चार संचालक हजर होते, गणपूर्ती होती. या सभेतील विषय क्र. ६ चा इतिवृत्तातील उतारा पुढीलप्रमाणे.

बँक ऑफ महाराष्ट्र, भोसरी शाखा यांचे तत्त्वतः मंजुरीचे पत्र अध्यक्षांनी सभेपुढे ठेवले. ग्राहकांकडून बिलाचे पैसे यायला नव्वद दिवस लागतात, पोलादाचे पैसे मात्र माल उतरताच द्यावे लागतात. त्यामुळे सध्याची ४ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा दर महिन्याच्या अखेरीस संपलेली असते, हे मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी आकड्यांसह मांडले. कंपनीचे भरणा झालेले भांडवल २.४० कोटी आणि मुक्त राखीव निधी ९.८५ कोटी, मिळून १२.२५ कोटी रुपये आहेत. प्रस्तावित मर्यादा आणि वाहनकर्जाची १८ लाखांची बाकी धरूनही एकूण बोजा ११.६८ कोटींवरच राहतो, हे मंडळाने पाहिले.

श्री. विनायक रानडे व श्रीमती मृणाल रानडे हे दोघे संचालक वैयक्तिक हमी देणार असल्याने त्यांनी कलम १८४ प्रमाणे आपला हितसंबंध जाहीर केला. हमीबद्दल त्यांना कंपनीकडून कमिशन किंवा अन्य मोबदला मिळणार नाही.

ठराव करण्यात येतो की, कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७९(३)(ड) व (फ) नुसार कंपनीने उक्त बँकेकडून एकूण ११.५० कोटी (अकरा कोटी पन्नास लाख) रुपयांपर्यंतच्या पतसुविधा घ्याव्यात. त्यात कॅश क्रेडिट ६ कोटी (सध्याचे ४ कोटी यातच धरून), दोन सीएनसी मशीनिंग सेंटरसाठी मुदत कर्ज ४.५० कोटी आणि बँक हमी १ कोटी. एका सुविधेतील शिल्लक मंडळाला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवता येणार नाही.

पुढे ठराव करण्यात येतो की, तारण म्हणून कच्चा माल, तयार व अर्धवट माल आणि येणी यांच्यावर बँकेला पहिला नजरगहाण बोजा द्यावा. मुदत कर्जातून घेतलेली यंत्रे त्याच कर्जाला नजरगहाण राहतील. शिवाय भोसरी येथील एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा भूखंड व त्यावरील शेड, मूळ कागदपत्रे बँकेत जमा करून गहाण ठेवावी. मात्र एमआयडीसीची लेखी संमती हाती येईपर्यंत कागदपत्रे बँकेकडे देऊ नयेत. संचालकांची राहती घरे किंवा कंपनीच्या मुदत ठेवी या तारणात नाहीत. श्री. दत्तात्रय बोराटे यांनी हे वाक्य ठरावातच असावे असा आग्रह धरला आणि तो मंडळाला पटला, कारण शाखेच्या छापील कागदांत ‘अन्य सर्व मालमत्ता’ असे शब्द सहज येऊन जातात.

पुढे ठराव करण्यात येतो की, व्यवस्थापकीय संचालक श्रीमती मृणाल रानडे आणि मुख्य वित्त अधिकारी श्री. समीर गायकवाड यांनी संयुक्तपणे मंजुरीपत्र स्वीकारावे, कर्जकरार, नजरगहाणखत, गहाणाचे निवेदन, वचनचिठ्ठी व पूरक कागद सही करून द्यावेत आणि मुदत कर्जाची उचल करावी. एकाच्या सहीने कंपनी बांधली जाणार नाही. कॅश क्रेडिट खात्यावरील रोजच्या धनादेशांना व ऑनलाइन व्यवहारांना सध्याचाच सह्यांचा अधिकार लागू राहील.

पुढे ठराव करण्यात येतो की, अंतिम अटी ठरवण्याचा अधिकार याच दोघांना देण्यात येत आहे, पण पुढील चौकटीत. व्याज रेपो दर अधिक ३.५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. प्रक्रिया शुल्क मंजूर रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये. मुदत कर्जाची परतफेड नऊ महिन्यांची सवलत धरून सात वर्षांत संपावी. हप्त्यांच्या तारखा, मालाचे मार्जिन, विम्याची रक्कम, स्टॉक स्टेटमेंटची तारीख या बाबी त्यांनी बँकेशी बोलून ठरवाव्यात. चौकटीबाहेरची कोणतीही अट, जादा तारण, नवी हमी किंवा लाभांशावर बंधन आल्यास सही न करता विषय मंडळापुढे आणावा. हा अधिकार त्यांना पुढे कोणाकडे सोपवता येणार नाही आणि स्वीकारलेल्या अटींची प्रत पुढील सभेत ठेवावी लागेल.

पुढे ठराव करण्यात येतो की, बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत सीएचजी-१ अर्ज कंपनी निबंधकांकडे दाखल करण्याची जबाबदारी कंपनी सचिवांची राहील. मुद्रांक शुल्क आणि भूखंडाच्या गहाणाची नोटीस यांचा पाठपुरावाही त्यांनीच करावा. हा ठराव ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात राहील. तोवर करार न झाल्यास तो आपोआप रद्द समजावा.

ठराव सर्वानुमते संमत झाला.

इतिवृत्तावरून तयार केलेली खरी प्रत.

शिवसह्य प्रिसिजन कॉम्पोनंट्स प्रायव्हेट लिमिटेडकरिता
सही/-
तेजश्री कुलकर्णी
कंपनी सचिव
पुणे, दि. २१ जुलै २०२५