वेळेची वही : गुरुवार, ९ ऑक्टोबर

दसरा झाला, कोजागरी झाली. वसुबारस १७ तारखेला. सगळ्यांना सांगितलंय की १६च्या संध्याकाळपर्यंत ब्लाउज मिळतील. काल रात्री यादी काढली तेव्हा १५ ब्लाउज शिवायचे होते, अर्धा शिवलेला असा एकही नव्हता. गेल्या दिवाळीत तीन जणींना पाडव्यापर्यंत थांबवलं होतं, त्यातल्या एक काकू परत आल्याच नाहीत. म्हणून सोमवारपासून ही वही. आजचा चौथा दिवस.

रात्री ठरवलेलं

९:३० ते ११:०० कटिंग, चार ब्लाउज
११:०० ते १:३० मशीन
३:०० ते ६:०० मशीन (सकाळचं धरून तीन ब्लाउज पूर्ण)
६:०० ते ७:०० गिऱ्हाईक : ट्रायल, मापं, डिलिव्हरी
७:०० ते ८:३० हातशिलाई, हूक-काजं

प्रत्यक्षात

९:३० – ९:४५. फोन. सात निरोप, त्यातले पाच "झाला का?" असेच. उत्तर देणं भाग आहे, नाहीतर त्या प्रत्यक्ष येतात.

९:४५ – १०:२५. अस्तरं. रात्री भिजत घालायची राहिली. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं आणि ब्लाउज पाठीत चुरमडतो. ती तडजोड मी करणार नाही. नळाला पाणी नव्हतं, पिंपातलं घेऊन चार अस्तरं भिजवली, पिळली, पंख्याखाली दोरीवर टाकली. हातातलं सगळं काम तेवढा वेळ थांबलं.

१०:२५ – १०:५०. शेजारच्या इमारतीतल्या ताई मंगळवारी नेलेला ब्लाउज घेऊन आल्या. काखेत ओढतोय. घालून बघितला, खरंच ओढतोय. मुंढा पाव इंच कमी पडला, चूक माझी. बाजूला इंचभर माया ठेवली होती, त्यामुळे निभावेल. संध्याकाळी उसवून देते म्हटलं.

१०:५० – १२:०५. कटिंग. चारऐवजी दोनच. खणाच्या ब्लाउजलाच ४५ मिनिटं लागली. पन्ना आखूड, काठ दोन्ही बाह्यांना सारखा यायला हवा, आणि पाठीच्या मधोमध नक्षी तुटलेली त्या काकूंना चालत नाही (मलाही चालत नाही). कागदावर तीनदा मांडून मग कात्री लावली. दुसरा साधा कटोरी, ३० मिनिटं. मी चार ब्लाउजांना ९० मिनिटं धरली होती, म्हणजे एकाला साडेबावीस. इतक्या वेळात मी कधीच कापलेलं नाही. मग रात्री ते लिहिलं कशाच्या जोरावर?

१२:०५ – १:२०. मशीन. खणाचा ब्लाउज. दार लोटून बसले होते, कुणी आलं नाही, ७५ मिनिटं सलग मिळाली. खांदे, टक्स, अस्तर जोडणं, गळ्याची पट्टी, सगळं एका हाती. आजच्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ हाच.

१:२० – १:४५. नवीन गिऱ्हाईक, माप. दिवाळीआधी होणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी तुळशीच्या लग्नानंतरचं कार्य आहे म्हटल्यावर घेतला.

१:४५ – ३:००. जेवण. पंधरा मिनिटं पाठ टेकली.

३:०० – ३:२०. अस्तरांना इस्त्री. तिथे लक्षात आलं की मोरपंखी साडीचं अस्तर उजेडात हिरवं दिसतंय. गिऱ्हाइकाने आणून दिलेलं, पण दिसणार माझ्या शिलाईत.

३:२० – ४:१५. बाजार. तुळशीबागेत मिळालं नाही, रविवार पेठेत गेले. अंतर फार नाही, पण या दिवसांत लक्ष्मी रस्ता ओलांडणं हेच एक काम. कापडाचा तुकडा सोबत नेला होता, रंग तंतोतंत मिळाला. तेवढ्यात काळा आणि मरून दोराही घेतला, म्हणजे उद्या पुन्हा जायला नको.

४:१५ – ४:२५. फोन.

४:२५ – ६:०५. मशीन. पाच वाजता खणाचा पूर्ण. आधीचे ७५ धरून ११० मिनिटं. अस्तराचा ब्लाउज मला एवढाच वेळ घेतो, चार दिवसांत यात फारसा फरक पडलेला नाही. मग कटोरीवाला सुरू केला, ६५ मिनिटांत अर्ध्याच्या थोडा पुढे.

६:०५ – ७:२०. गिऱ्हाईक. पाच जणी. दोघींचं दोन मिनिटांत झालं. एक ताई ऑफिसमधून मेट्रोने मंडईला उतरून आल्या होत्या, त्यांना पाठीचा गळा आठ की नऊ इंच यावर ठरवता येईना. टेप लावून आरशात दोन्ही दाखवले. वीस मिनिटं गेली, पण ही वीस मिनिटं मी वाया गेली म्हणणार नाही. इथे घाई केली की तोच ब्लाउज उसवायला परत येतो आणि पाऊण तास खातो. चूक एवढीच की पाच जणींना मी एक तास धरला होता.

७:२० – ७:५०. सकाळचा मुंढा उसवून दुरुस्त केला. घालून बघितला, बसला.

७:५० – ८:५०. हातशिलाई. तीन ब्लाउजांचे हूक आणि काजं. खालची पट्टी राहिली.

मिनिटांचा हिशेब

| काम | ठरलं | झालं |
|---|---|---|
| कटिंग | ९० | ७५ |
| मशीन | ३३० | १७५ |
| गिऱ्हाईक | ६० | १२५ |
| हातशिलाई | ९० | ६० |
| अस्तर भिजवणं, इस्त्री | ० | ६० |
| बाजार | ० | ५५ |
| उसवणं, दुरुस्ती | ० | ३० |
| फोन | ० | २५ |
| एकूण | ५७० | ६०५ |

शून्य लिहिलेल्या चार ओळींची बेरीज १७० मिनिटं. जवळजवळ तीन तास. सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही असंच कमीजास्त होतं. दरवेळी मला वाटायचं की माझा हात मंद झालाय, वय झालं. हात मंद नाही. दोन वर्षांपूर्वीही ११० मिनिटंच लागायची. मी तारीख देते ती फक्त मशीनचे तास मोजून, आणि अस्तर, बाजार, गिऱ्हाईक ही कामं जणू दुसरं कुणी करणार आहे अशा हिशेबाने.

खणाचा झाला, कटोरीवाला उद्या होईल, तो सोडून १३ उरले. शिवाय वहिनींचा एक घरचा, म्हणजे १४. गुणिले ११० म्हणजे १,५४० मिनिटं. रोज ३३० मिनिटं मशीन धरली तर पाच दिवसांत हातावेगळे, म्हणूनच १६ तारीख दिली. आजच्यासारखी १७५ मिळाली तर रविवारी बसूनही सात दिवसांत ११. तीन उरतात.

ते तीन कोणते हे आजच ठरवलं. दोन तुळशीच्या लग्नानंतरच्या कार्यांचे आहेत, त्यांना उद्या सकाळी फोन करून भाऊबीजेनंतरची तारीख मागून घेते. तिसरा वहिनींचा, तिला सांगेन, ती समजून घेईल. १५ तारखेला रडवेल्या आवाजात सांगण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं.

उद्या, शुक्रवार

९:३० ते १०:३० तीन फोन, अस्तरांना इस्त्री
१०:३० ते ११:३० कटिंग, दोनच
११:३० ते १:३० मशीन, दार लोटून
३:०० ते ४:३० मशीन
४:३० ते ५:३० मोकळा. उसवणं आलं तर त्याला, नाही तर मशीन
५:३० ते ७:३० गिऱ्हाईक. दाराला पाटी लावायची : "ट्रायल व मापं सायंकाळी ५:३० ते ७:३०"
७:३० ते ८:३० हातशिलाई, आजच्या पट्ट्या आधी

मशीन २१० मिनिटं धरली आहेत. आजच्यापेक्षा ३५ जास्त, कारण बाजार नाही.

९:२०. नळ आला. उद्याची दोन आणि परवाची दोन, अशी चार अस्तरं बादलीत टाकली.